पासवर्डांच्या तिजोरीची झाडाझडती: 'ए'पासून सुरुवात केली, चुकलं का?

खडीसाखर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या साफसफाईत माळा आवरून झाला, तेव्हा म्हटलं हेही एक उरकून टाकू. 2021 पासून बिटवॉर्डन वापरतोय. ब्राउझरमध्ये साठलेले सगळे पासवर्ड तेव्हा एकदम आत ओतले होते, ते तसेच पडून आहेत. परवा प्रीमियम घेतलं आणि वेबवर जाऊन Reports उघडलं. एकूण नोंदी 312. Exposed Passwords मध्ये 37, Reused Passwords मध्ये 121, Weak Passwords मध्ये 64. छातीत धस्स झालं.

मग शहाण्यासारखी यादी अक्षरांप्रमाणे लावून 'ए'पासून बदलायला बसलो. तीन संध्याकाळी, 27 नोंदी. त्यात एक विमान कंपनी, दोन बंद पडलेली पुस्तकांची दुकानं आणि एकदाच पेटी मागवलेला आंबेवाला. अजून 'बी' संपलेला नाही. काल बायकोने सहज विचारलं, "जीमेलचा बदललास ना?" जीमेल 'जी'मध्ये येतं.

तर विचारायचं असं, की लावायचा तर क्रम कसा लावायचा? आणि जुने पासवर्ड सगळेच बदलायचे का? माझ्या जवळजवळ सगळ्या नोंदींवर 2021 चीच तारीख आहे.

---

मेथीचे_लाडू

रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे चारशेच्या वर आहेत, त्यातल्या निम्म्या नोंदींचं नाव 'नवीन' आहे.

---

अर्धवटराव

क्रमाबिमाची भानगड नको. दर तीन महिन्यांनी सगळे बदलायचे, विषय संपला. आमच्या ऑफिसात 90 दिवसांची सक्ती आहे, आजतागायत काही झालेलं नाही.

---

सदाशिव_पेठी

तिजोरीवरून आठवलं. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर लॉकर फोडायचा खर्च आपल्याच माथी येतो, हे किती जणांना माहीत आहे? मागच्या वर्षी आमच्या मेहुण्यांना चांगलाच भुर्दंड बसला.

---

मेथीचे_लाडू

काका, ही वेगळी तिजोरी :)

---

ताम्हिणी

@अर्धवटराव, तुमच्या ऑफिसात मंडळी काय करतात ते सांगू? `Pune@Jan`, `Pune@Apr`, `Pune@Jul`. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2017 मध्येच आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदलायला लावा. तेव्हा नुसतं जुनं असणं हा गुन्हा नाही. 2015 चा, वीस अक्षरांचा, एकाच ठिकाणी वापरलेला पासवर्ड मी आजही हात लावणार नाही.

@खडीसाखर, त्या 2021 कडे बघूच नका. ती नोंद तिजोरीत आली त्याची तारीख आहे. पासवर्ड तुम्ही 2009 मध्ये ठेवला असेल, ते बिचाऱ्या बिटवॉर्डनला कुठून कळणार? तुम्ही तिजोरीत राहून पासवर्ड बदललात तरच नोंदीखाली Password updated अशी वेगळी ओळ दिसते. ती ओळ नसेल तर पासवर्ड किमान 2021 इतका जुना, एवढंच म्हणता येतं.

आता क्रम. तीन याद्या वेगवेगळ्या धरून बसलात तर वर्षभर पुरतील. आधी एवढंच बघा की Exposed मधल्या 37 पैकी किती Reused मध्येही आहेत. बहुतेक सगळेच असतील, आणि त्यात वेगळे पासवर्ड जेमतेम चार-पाच निघतील. फुटलेला पासवर्ड दहा ठिकाणी असेल, तर चोर आधी तोच ईमेल आणि तोच पासवर्ड दुसऱ्या साइटांवर टाकून बघतो. त्याला डोकं लावावं लागत नाही, यंत्र लावलं की झालं. ज्या पासवर्डाच्या गटात तुमचं मेलखातं आहे तो गट पहिला. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की सगळ्यांची पत्रं तिथेच जातात.

मेलनंतर पैसा: बँक, डीमॅट. बँकेत ओटीपीचा अडसर तरी असतो, म्हणून ती मेलच्या मागे. मग तुमच्या नावाने कुणी बोलू शकेल अशी खाती. मग कार्ड साठवलेली दुकानं. आंबेवाला सगळ्यात शेवटी. तोही त्याच पासवर्डाचा असेल तर राहू द्या, मेल आणि बँकेचा पासवर्ड वेगळा झाला की आंबेवाल्याचा फुटून फुटून काय फुटणार?

आणि या सगळ्याच्या आधी बिटवॉर्डनचा स्वतःचा मास्टर पासवर्ड. तो याच गोतावळ्यातला नाही ना?

---

खडीसाखर

@ताम्हिणी, मास्टर पासवर्ड वेगळा आहे, देवाची शपथ. बाकी तुम्ही म्हणता तसंच निघालं. 37 पैकी 34 दोन्ही याद्यांत, आणि त्यांत वेगळे पासवर्ड फक्त चार. एक एकटाच 19 ठिकाणी आहे. सिंहगडावरचं प्रेम आणि पुढे 98, एवढंच सांगतो, आता बदलतोच आहे. आणि हो, जीमेल त्या 19 मध्ये नाही! जीव भांड्यात पडला.

---

बे_एरियातला_बाळ्या

जीमेलला काय आहे मग? सिंहगड आणि 99 नाही ना?

---

खडीसाखर

...

---

मेथीचे_लाडू

हाहाहा, पडलेला जीव परत काढा भांड्यातून.

---

ताम्हिणी

हसू नका, नव्वद टक्के घरांत हेच असतं (टक्का माझा, मोजलेला नाही). Reused यादी फक्त तंतोतंत जुळणारे पासवर्ड पकडते. मागे एक आकडा वाढवलात, पहिलं अक्षर मोठं केलंत की तिच्या लेखी तो नवा पासवर्ड. चोराच्या यंत्राला मात्र मागे 1, 2, 99, @, ! लावून बघायला क्षणभरही लागत नाही. म्हणजे तुमचे 121 हा आकडा कमीच आहे.

हे भाऊबंद हुडकायचे कसे? कीपासएक्ससी नावाच्या दुसऱ्या तिजोरीत शोधखिडकीत `pw:sinhagad` टाकलं की पासवर्डात तो शब्द असलेल्या सगळ्या नोंदी समोर येतात. बिटवॉर्डनची शोधखिडकी पासवर्डाच्या आत बघत नाही. त्यांचा कमांड लाइनवाला `bw` आणि सोबत `jq` टाकलेला असेल तर अनलॉक करून असं चालतं:

```
bw list items | jq -r '.[] | select(.login.password // "" | test("sinhagad"; "i")) | .name'
```

पडद्यावर फक्त नोंदींची नावं येतात, पासवर्ड येत नाहीत. पूर्ण पासवर्ड तिथे टाकू नका, शब्दच टाका, कारण टर्मिनल आपला इतिहास लिहून ठेवतं. आणि कृपा करून सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये रंगवत बसू नका. ती फाइल डाउनलोड्समध्ये पडून राहते, तिथून ड्राइव्हवर जाते, आणि मग सगळी तिजोरी उघड्या अक्षरांत तिथे नांदते.

---

गोवेकार_दादा

तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. Exposed आहे का हे बघायला बिटवॉर्डन तुमचा पासवर्ड बाहेर कुणाच्या तरी सर्व्हरला पाठवतो. म्हणजे चोराला किल्ली दाखवून विचारायचं, 'ही तुझ्याकडे आहे का रे?' मी ते बटण कधीच दाबत नाही.

---

ताम्हिणी

@गोवेकार_दादा, अर्धं बरोबर. कुठल्याही अनोळखी 'तुमचा पासवर्ड तपासा' पानावर पासवर्ड टाकू नये, हे शंभर टक्के. पण इथे तसं होत नाही. तुमच्याच यंत्रावर पासवर्डाचा एसएचए-1 हॅश, म्हणजे एक ठसा, काढतात, 40 अक्षरांचा. त्यातली पहिली पाचच, फुटलेल्या पासवर्डांची यादी ठेवणाऱ्या ट्रॉय हंट यांच्या सर्व्हरकडे जातात. तिथून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो हॅशांची यादी परत येते आणि जुळणी तुमच्या घरी होते. समोरच्याला ना तुमचा पासवर्ड कळतो, ना तो यादीत सापडला की नाही हे कळतं.

---

गोवेकार_दादा

बरं, मग हातानेच केलं. कमांडने हॅश काढला, पाच अक्षरं टाकून यादी आणली, आपला पासवर्ड त्यात नाही. आणि तो मी पाच ठिकाणी वापरतो. बघा!

---

बे_एरियातला_बाळ्या

दादा, हॅश काढायला `echo` वापरलंत का?

---

गोवेकार_दादा

हो. त्याचं काय?

---

बे_एरियातला_बाळ्या

`echo` शेवटी एक नवी ओळ चिकटवतो आणि हॅश त्या ओळीसकट निघतो. या दोन्ही चालवून बघा:

```
echo 'password' | sha1sum
printf '%s' 'password' | sha1sum
```

दुसरीचं उत्तर `5baa6` ने सुरू होतं, तोच खरा हॅश. पहिलीचं उत्तर पार वेगळं येतं आणि ते कुठल्याच यादीत सापडायचं नाही, पासवर्ड कितीही फुटलेला असला तरी. शिवाय तुमचा पासवर्ड आता टर्मिनलच्या इतिहासात बसलाय, तो पुसा.

---

गोवेकार_दादा

सापडला. 212 वेळा. आज जेवण जाणार नाही.

---

अर्धवटराव

Weak च्या 64 चं काय? माझ्या मते सगळ्यात आधी तेच घ्यायला हवेत. लाल दिसतंय म्हणजे धोका.

---

ताम्हिणी

लाल रंगाला फार भाव देऊ नका. माझ्या लाल यादीत घरच्या सीसीटीव्हीचा चार आकडी पिन, बॅगेच्या कुलपाचा आकडा आणि पीडीएफ स्टेटमेंट उघडायचा पासवर्ड आहे. ते बदलताच येत नाहीत. एक जागी वापरलेला, न फुटलेला कमकुवत पासवर्ड आणि समोर पाच चुकांनंतर कुलूप लावणारी साइट असेल तर तो थांबू शकतो.

उलट जे लाल व्हायला हवे ते होत नाहीत. बिटवॉर्डन ताकद मोजायला झेडएक्ससीव्हीबीएन नावाचं मोफत मोजमाप वापरतो. त्याच्या शब्दकोशात इंग्रजी शब्द, अमेरिकेतली नावं आणि नेहमीचे पासवर्ड आहेत. मराठी त्याला येत नाही. `aaichyagavat` त्याला बारा आडवीतिडवी अक्षरं वाटतात आणि तो खूष होतो. आपल्याकडच्या साइट फुटतात तेव्हा बाहेर पडलेल्या याद्यांत आई, साई, गणपती, शिवाजी आणि जन्मसाल यांची रेलचेल असते, आणि चोर त्या याद्या घेऊनच बसतो. मराठी शब्दाला हिरवा रंग मिळाला म्हणून हुरळून जायचं कारण नाही.

---

मेथीचे_लाडू

`aaichyagavat` हा शब्द इथे लिहिल्याबद्दल निषेध. आता मला बदलावा लागणार.

---

खडीसाखर

अपडेट देतो. काल रात्री जीमेल केला, मग दोन बँका, मग डीमॅट. इथपर्यंत झकास. मग उत्साहात एका बिल भरायच्या साइटला 24 अक्षरांचा पासवर्ड दिला. 'यशस्वीरीत्या बदलला' असा हिरवा पट्टाही आला. आज सकाळी आत जाता येईना. तिजोरीतला पासवर्ड, तीन वेळा, चुकीचा. खातं चोवीस तास बंद. कुणी हॅक केलं का?

---

ताम्हिणी

हॅक नाही, छाटलाय. काही साइटांचा बदलायचा रकाना मुकाट्याने 16 अक्षरांवर कात्री चालवतो आणि लॉगिनचा रकाना पूर्ण 24 पाठवतो. उद्या खातं उघडलं की पहिली 16 अक्षरं टाकून बघा, बहुधा आत जाल. नाही गेलात तर आहेच 'विसरलात?'.

म्हणून माझा एक हेका आहे: प्रत्येक खात्यावर एकाच बैठकीत तीन गोष्टी. नवा पासवर्ड आधी तिजोरीत तयार करून सेव्ह, मग साइटवर बदल. मग लगेच खाजगी खिडकी उघडून नव्याने लॉगिन. ते झाल्याशिवाय पुढची नोंद घ्यायची नाही. आधी सेव्ह करायला घाबरू नका, नोंदीच्या Password history मध्ये मागचे पाच पासवर्ड राहतात. आणि मेलखात्यावर एक जास्तीचं काम: 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा'. पासवर्ड बदलला म्हणजे आधीच आत बसलेला माणूस उठून गेला, असं सगळीकडे होत नाही.

एका संध्याकाळी दहाच्या वर करू नका. अकराव्याला माणूस सेव्ह न करता खिडकी बंद करतो.

---

डहाळी

थोडं अवांतर वाटेल, पण आमच्याकडे मार पासवर्डातून बसला नाही. बाबा गेल्यावर त्यांचा मोबाइल नंबर कुणी रिचार्ज केला नाही. आपल्याकडे बंद झालेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत, नंतर तो फिरतो. आईच्या मेलखात्याला आणि तिच्या एका ठेवीला बाबांचाच नंबर लावलेला होता. वर्षभराने आई पासवर्ड बदलायला गेली, तर ओटीपी नागपूरच्या कुणा मुलाकडे. मुलगा सज्जन, फोन उचलून वाचून दाखवला बिचाऱ्याने! ठेवीवरचा नंबर बदलायला मात्र शाखेत तीन खेपा पडल्या.

तेव्हा पासवर्ड बदलायच्या आधी त्या खात्याला कुठला नंबर आणि कुठला पर्यायी मेल जोडलाय, ते बघा. कुठल्याच रिपोर्टात हे येत नाही.

---

ताम्हिणी

@डहाळी, अवांतर कसलं, हे माझ्याकडून राहून गेलं होतं. @खडीसाखर, जीमेलच्या सुरक्षा पानावर पर्यायी मेल कुठला आहे, बघितलात?

---

बे_एरियातला_बाळ्या

तोवर मी एक काडी टाकतो. सहा आकडी ओटीपीसुद्धा बिटवॉर्डनमध्येच ठेवता का? मी ठेवतो. सोयीचं पडतं, आणि फुटलेल्या पासवर्डावर तेवढ्यानेही अडसर लागतो.

---

ताम्हिणी

मी नाही ठेवत. दोन किल्ल्या एकाच जुडग्यात असतील तर दुसरी कशाला? 2022 मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइटांचे पत्ते उघडे होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड लेचापेचा होता त्यांची तिजोरी चोर निवांत घरी बसून फोडत राहू शकतो. ज्यापासून ओटीपी तयार होतात ती बीजंही तिथेच असती तर?

---

बे_एरियातला_बाळ्या

मग मास्टर पासवर्ड लेचापेचा ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. वेगळ्या ॲपमध्ये ओटीपी ठेवून फोन हरवलेले आणि कायमचे बाहेर राहिलेले लोक मी जास्त पाहिलेत.

---

ताम्हिणी

मेल आणि बँक सोडून बाकीच्यांचे ठेवा, मी भांडणार नाही. मेलचा नाही म्हणजे नाही.

---

बे_एरियातला_बाळ्या

ठेवणार.

---

सदाशिव_पेठी

आमच्या सौ. सगळे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या डायरीत लिहितात. मागच्या पानावर इडलीचं प्रमाण. ती डायरी आजवर फुटलेली नाही, फक्त एकदा तिच्यावर ताक सांडलं.

---

ताम्हिणी

@सदाशिव_पेठी, काका, रशियातला चोर तुमच्या स्वयंपाकघरात येत नाही, हे खरंच. फक्त डायरीतले पासवर्ड एकसारखे नसावेत. त्या बाबतीत डायरी आणि बिटवॉर्डन सारखेच.

---

खडीसाखर

मंडळी, बसून लिहितोय.

जीमेलचा पर्यायी मेल बघितला. कॉलेजात असताना एका फुकट मेलवाल्याकडे काढलेलं खातं निघालं. 2006 नंतर उघडलेलं नव्हतं. तिजोरीत त्याची नोंदच नाही, त्यामुळे 312 मध्ये नाही, 37 मध्ये नाही, कुठेच नाही. आणि काल रात्री मी जीमेलला 24 अक्षरं लावून, फोनवर दुसरं कुलूप लावून, समाधानाने झोपलो होतो.

सहज म्हणून तिथे लॉगिन करून बघितलं. पासवर्ड आठवत नव्हता, पण हातांना आठवत होता. सिंहगड, नुसता, सगळी छोटी अक्षरं, पुढे 98. उघडलं! आत साडेचार हजार जाहिराती आणि मित्राने पाठवलेला राजगडचा एक अंधुक फोटो.

म्हणजे कुणीही त्यात शिरून जीमेलच्या दारात 'विसरलो' म्हणून उभं राहिलं असतं.

---

ताम्हिणी

त्याहून वाईटही होऊ शकलं असतं. याहूने 2013 मध्ये वर्षभर न वापरलेले आयडी मोकळे करून नव्या लोकांना देऊन टाकले होते. तुमचं खातं असं दुसऱ्याकडे गेलं असतं, तर पासवर्ड फोडायचीही गरज नव्हती. आधी जीमेलवरून तो पर्यायी मेल काढा, मग दुसरीकडे कुठे कुठे तोच दिलाय ते शोधा. त्या जुन्या खात्याच्या शोधखिडकीत 'welcome', 'verify' टाकून बघा, कुठे कुठे नाव नोंदवलं होतंत ते बाहेर येईल. ते खातं लगेच बंद मात्र करू नका, जिथे जिथे ते लावलंय तिथून सोडवून झालं की मगच.

---

खडीसाखर

शोधलं. 14 साइट निघाल्या, त्यातल्या 9 आता अस्तित्वात नाहीत. उरलेल्या पाचांत एक म्युच्युअल फंडाचा फोलिओ आहे, 2005 चा, दरमहा पाचशेची एसआयपी. मी तो साफ विसरलो होतो.

---

मेथीचे_लाडू

किती झालेत?

---

खडीसाखर

सांगत नाही. बायको हा धागा वाचते.

---

अर्धवटराव

ते असू दे. पण 'बी'चं काय झालं?

---

खडीसाखर

'बी' तसाच आहे. आंबेवाल्याचाही बदललेला होता तो उगाच. सध्या हिशेब असा: सिंहगड घराण्यातल्या 19 आणि त्यांच्या 11 भाऊबंदांपैकी 22 झाले, दोन खाती बंदच करून टाकली, सहा उरलेत. बिल भरायच्या साइटवर पहिली 16 अक्षरं चालली. उरलेले Weak मी मार्चनंतर बघेन.